परभणीतून अपवर्कवर: क्विकबुक्सचं सर्टिफिकेट कुठे कामाला येतं आणि ते कुठे लावायचं

"ताई, मी परभणीचा. बी.कॉम. झालंय, टॅली येतं, दोन वर्षं जीएसटीचं काम करणाऱ्या एका सरांकडे होतो. क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं प्रोॲडव्हायजर सर्टिफिकेट काढलं आणि अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर प्रोफाइल बनवलं. एमएससीआयटी, टॅली, एक्सेल, डिजिटल मार्केटिंग अशी सगळी मिळून नऊ सर्टिफिकेटं टाकली. बावीस प्रपोजल पाठवली, काम एकही नाही. सर्टिफिकेटचा खरंच उपयोग होतो का? होत असेल तर ते दाखवायचं कसं?"

उपयोग होतो. पण तो पहिल्या दोन-तीन कामांपुरता, आणि तुमच्या नऊंपैकी एकाच सर्टिफिकेटचा. बाकीची आठ आज तुमचं नुकसान करताहेत. कसं ते सांगते.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेब लिहायला लागले, तेव्हा कोणी कागद मागितला नव्हता. "याआधी कोणाकडं होतीस?" एवढंच विचारलं आणि समोरच दोन फोन लावले. आपल्याकडे काम असंच मिळतं. तुमच्या सरांचं नाव परभणीत चालतं, कारण तिथला व्यापारी त्यांना ओळखतो. टेक्सासमधला नळदुरुस्तीचा ठेकेदार कोणाला फोन लावणार? त्याला तुमचे सर माहीत नाहीत, परभणी माहीत नाही, विद्यापीठही माहीत नाही. त्याला फक्त त्याचं सॉफ्टवेअर माहीत आहे. म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं दिलेलं सर्टिफिकेट ही त्याच्यासाठी तुमची पहिली ओळख ठरते. आडत्यानं लावलेल्या फोनची जागा ते घेतं. पुढे प्रोफाइलवर गिऱ्हाइकांचे चार अभिप्राय आले की ती जागा अभिप्राय घेतात.

हा फक्त माझा अनुभव नाही. ओटो कॅसी आणि विली लेहडोनविर्टा या दोन संशोधकांनी फ्रीलान्सिंगच्या एका ऑनलाइन बाजारपेठेवरच्या कौशल्य-चाचण्यांचा अभ्यास केला. चाचणी पास झालेल्यांची कमाई वाढली, पण त्यांचं काम आधीपेक्षा सुधारलं म्हणून नाही. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका कमी झाली म्हणून वाढली. दुसरा अभ्यास अमांडा पॅले या अर्थतज्ज्ञ बाईंचा, २०१४ साली छापून आलेला. अपवर्कचं जुनं नाव ओडेस्क होतं, तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ९५२ जण निवडले, त्यांना डेटा एंट्रीचं छोटं काम दिलं आणि कामानंतर अभिप्राय लिहिले. ज्यांना ते एक काम मिळालं, त्यांना पुढची कामं इतरांपेक्षा जास्त मिळाली. दोन्ही एकत्र वाचले की तुमचं पुढचं पाऊल स्पष्ट होतं: सर्टिफिकेटच्या जोरावर पहिलं छोटं काम मिळवायचं, आणि त्या कामाच्या अभिप्रायावर पुढे जायचं.

एक खुलासा इथेच करते. जुन्या व्हिडिओंमध्ये "अपवर्कच्या टेस्ट द्या, वरचा नंबर आणा" असा सल्ला अजून फिरतो. अपवर्कनं स्वतःच्या त्या टेस्ट २०१९ मध्येच बंद केल्या. आता जे चालतं ते बाहेरून मिळवलेलं.

आता तुमच्या नऊंबद्दल. सर्टिफिकेट ठेवायचं की काढायचं हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते: ज्या कामासाठी अर्ज करतोय त्याच्या जाहिरातीत त्या वस्तूचं नाव आहे का? बुककीपिंगच्या जाहिरातीत QuickBooks Online असं लिहिलेलं असतं. तुमचं प्रोॲडव्हायजर त्याला थेट लागू पडतं, आणि ते क्विकबुक्स बनवणाऱ्या इंट्युटनंच दिलेलं आहे. टॅलीचं सर्टिफिकेट जालन्याच्या स्टील व्यापाऱ्याकडे उपयोगी पडेल, तिकडच्या माणसानं टॅलीचं नाव ऐकलेलं नसतं. एमएससीआयटी इथल्या नोकरीच्या अर्जात लागतं, तिकडे त्याचा अर्थ "संगणक सुरू करता येतो" एवढाच होतो. आणि डिजिटल मार्केटिंगचं सर्टिफिकेट बघून त्याच्या मनात येतं की हा माणूस नक्की करतो काय? हिशेबाला माणूस शोधणाऱ्याला हिशेबच करणारा हवा असतो. आठही काढून टाका. पदवी शिक्षणाच्या रकान्यात राहू द्या.

उलट बाजूही लक्षात ठेवा. क्विकबुक्सची भारतातली सेवा इंट्युटनं २०२३ मध्ये बंद केली. त्यामुळे इथल्या दुकानदाराला प्रोॲडव्हायजर सांगून काही मिळणार नाही, तिथे तुमचं टॅली आणि तुमच्या सरांचं नावच चालेल. तसंच न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या बऱ्याच जाहिरातींत झीरो नावाचं सॉफ्टवेअर असतं. त्या कामाला क्विकबुक्सचं सर्टिफिकेट दाखवून अर्ज केला तर पहिल्याच नजरेत बाजूला पडाल. झीरोचं सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागतं.

पैशांचंही बोलते, कारण याच जिव्हाळ्याच्या विषयात आपली मुलं फसतात. प्रोॲडव्हायजरचं प्रशिक्षण आणि परीक्षा इंट्युटकडे फुकट आहे. क्विकबुक्स ऑनलाइन अकाउंटंट हे खातं उघडायचं, तेही फुकट, आणि त्यातच अभ्यास आणि परीक्षा दोन्ही आहे. मराठवाड्यातल्या एका क्लासनं माझ्या भाचीकडून याच परीक्षेचे बारा हजार रुपये घेतले आणि वर उत्तरांची फाइल दिली. ती पास झाली. पहिल्याच मुलाखतीत गिऱ्हाइकानं स्क्रीन शेअर करायला लावली आणि "या महिन्याचं बँक रिकन्सिलिएशन करून दाखव" म्हणाला. तिला बटण कुठे आहे तेच सापडेना. त्या दिवशी ती जेवली नाही. शिकवणीचे पैसे द्यायला हरकत नाही, पण परीक्षेचे म्हणून कोणी मागितले तर तिथून उठा.

आता कुठे दाखवायचं. बहुतेकांची चूक इथे होते. अपवर्कवर सर्टिफिकेटसाठी वेगळा रकाना आहे, पण तो प्रोफाइलच्या पार तळाशी. गिऱ्हाइकाकडे तीस-चाळीस प्रपोजल येतात आणि त्याला आधी फक्त यादी दिसते: फोटो, नाव, देश, दर, तुमचं शीर्षक आणि प्रपोजलच्या पहिल्या दोन ओळी. तिथे क्लिक केलं तरच प्रोफाइल उघडतं. म्हणजे तळाशी टांगलेली नऊ सर्टिफिकेटं बहुधा कोणी पाहिलीच नाहीत. कागद तळाच्या रकान्यातच राहू द्या, पण त्यातली बातमी वरच्या दोन जागी यायला हवी.

पहिली जागा शीर्षक. तुमच्यासारख्या बऱ्याच जणांचं शीर्षक "अकाउंटंट, टॅली, जीएसटी, एक्सेल, डेटा एंट्री" असं असतं. त्याऐवजी हे टाका:

```
Certified QuickBooks Online ProAdvisor | Bookkeeping & Cleanup
```

यात गिऱ्हाइक शोधताना जे शब्द टाइप करतं तेच शब्द आहेत आणि सर्टिफिकेटही आलं. क्लीनअप म्हणजे बिघडलेले हिशेब सरळ करणं. नवख्याला अशी कामं लवकर मिळतात, कारण ती छोटी आणि ठराविक किमतीची असतात.

दुसरी जागा प्रपोजलच्या पहिल्या दोन ओळी. "आदरणीय सर, मी एक मेहनती आणि प्रामाणिक अकाउंटंट आहे" यात दोन्ही ओळी वाया जातात. आधी त्याचा प्रश्न आणि मग सर्टिफिकेट, असा क्रम ठेवा. समजा जाहिरातीत लिहिलंय की "बँकेतली शिल्लक बरोबर आहे, पण नफा खऱ्यापेक्षा जास्त दिसतोय." मराठीत सांगते, इंग्रजीत तुम्ही लिहा: "बँक जुळूनही उत्पन्न फुगलं असेल तर बहुतेक वेळा तीच रक्कम दोनदा विक्रीत धरलेली असते. मी सर्टिफाइड प्रोॲडव्हायजर आहे. नमुना कंपनीत हीच चूक कशी दुरुस्त केली ते सोबतच्या पानावर आहे." पहिल्या वाक्यानं त्याला कळतं की यानं जाहिरात वाचलीय. दुसऱ्यानं त्या पहिल्या वाक्याला आधार मिळतो. सर्टिफिकेट एकटं उभं केलं तर ते फक्त एक बिल्ला राहतं.

"सोबतचं पान" काय, ते नीट सांगते. तुमच्या बावीस प्रपोजलांत मला हीच सगळ्यात मोठी उणीव वाटते. सर्टिफिकेट म्हणतं की तुम्ही परीक्षा दिली. गिऱ्हाइकाला बघायचं असतं की बिघडलेली वही तुमच्या हातात आली तर तुम्ही काय कराल. तुमच्याकडे परदेशी गिऱ्हाईक नाही म्हणून नमुनाही नाही, असं समजू नका. इंट्युटनं सरावासाठी एक कंपनी उघडी ठेवली आहे, Craig's Design and Landscaping Services नावाची. बागकामाचा धंदा करणाऱ्या माणसाची वही. खातं न काढता ती उघडता येते. बाहेर पडलं की सगळं पूर्ववत होतं, म्हणून स्क्रीनची चित्रं त्याच बैठकीत काढून ठेवा.

त्यात अशी चूक मुद्दाम घडवा. एका गिऱ्हाइकाचं ४५० डॉलरचं बिल करा आणि पैसे आल्याची नोंद करा. क्विकबुक्स ती रक्कम लगेच बँकेत दाखवत नाही. Undeposited Funds नावाच्या मधल्या खात्यात ठेवतं. नव्या फायलींत याच खात्याचं नाव Payments to deposit असं दिसतं. हे खातं का आहे? समजा धंद्याच्या मालकानं एक ४५० चा आणि एक ३०० चा चेक एकाच स्लिपवर भरला. बँकेत ७५० ची एकच ओळ येणार. आपल्याकडे भरणा करण्यापूर्वी चेक गल्ल्यात ठेवतात, तसा हा गल्ला. पुढे डिपॉझिटची नोंद करून दोन्ही चेक त्यात धरायचे, म्हणजे वहीतही ७५० ची एकच ओळ होते आणि बँकेतून आलेल्या ओळीशी Match होते.

नवखा माणूस काय करतो? बँकेतून आपोआप आलेली ओळ दिसते, तिला Match न करता Add करतो आणि विक्रीत टाकतो. झालं. बिलातून एकदा उत्पन्न धरलं गेलं होतं, आता बँकेतून दुसऱ्यांदा धरलं गेलं. बँकेची शिल्लक तर बरोबर जुळते, म्हणून कोणाला शंका येत नाही. ओळखायचं कसं? ताळेबंदात Undeposited Funds ची रक्कम महिन्यागणिक वाढत जाते आणि गल्ला कधी रिकामाच होत नाही. जुने चेक तिथे पडून असतात आणि जो नफा झालेलाच नाही त्यावर मालक कर भरायला निघालेला असतो. दुरुस्तीसाठी ती Add केलेली ओळ मागे घ्यायची, गल्ल्यातली रक्कम डिपॉझिटमध्ये घ्यायची आणि मग बँकेच्या ओळीशी जुळवायची. त्या महिन्याचं रिकन्सिलिएशन आधीच झालं असेल तर मात्र हात लावण्यापूर्वी थांबायचं आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, कारण मागच्या वर्षाचं रिटर्न भरून झालेलं असू शकतं.

आता एका पानावर तीन गोष्टी मांडा: आधीचा ताळेबंद, त्याखाली चूक काय आणि कशी ओळखली ते चार ओळींत, आणि दुरुस्तीनंतरचा ताळेबंद. कोपऱ्यात प्रोॲडव्हायजरचा बिल्ला आणि सर्टिफिकेटची तारीख. वर ठळक लिहा की ही सरावाची नमुना कंपनी आहे. हे लिहायला संकोच करू नका. लपवलं आणि नंतर कळलं तर विश्वास जातो. हे पान पोर्टफोलिओत पहिलं लावा. त्यावर फोन नंबर किंवा ईमेल येऊ देऊ नका. करार होण्याआधी संपर्क देणं अपवर्कच्या नियमात बसत नाही आणि खातं अडकू शकतं. आणि तुमच्या सरांच्या कुठल्याही गिऱ्हाइकाचा ताळेबंद, नाव खोडूनही, पोर्टफोलिओत टाकू नका. परभणीच्या व्यापाऱ्याचा आकडा त्याच्या परवानगीशिवाय दाखवणारा माणूस माझाही आकडा दाखवेल, हे तिकडच्या माणसाला लगेच कळतं.

शब्दांच्या बाबतीत एक कडक सूचना. सीए इंटर झालेली आपली मुलं प्रोफाइलवर नुसतं "सीए" लिहितात. चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट, १९४९ प्रमाणे संस्थेचा सदस्य नसताना स्वतःला चार्टर्ड अकाउंटंट म्हणवणं हा गुन्हा आहे. अमेरिकेतल्या सीपीएचंही तेच, तिथे राज्याचं लायसन्स लागतं. प्रोॲडव्हायजर असणं म्हणजे क्विकबुक्स येणं. त्यात अमेरिकेचा कर येणं धरलेलं नाही. गिऱ्हाइकानं टॅक्स रिटर्नबद्दल विचारलं तर "मी वही तयार करून तुमच्या सीपीएकडे देईन" असं सरळ सांगा. या उत्तरानं माझं काम कधी गेलं नाही.

काम गेलं ते दुसऱ्या कारणानं. हे सर्टिफिकेट कायमचं नसतं, दर वर्षी पुन्हा परीक्षा देऊन ते चालू ठेवावं लागतं. एका वर्षी वडिलांच्या आजारपणात माझी ती परीक्षा राहून गेली आणि बिल्ला प्रोफाइलवर तसाच राहिला. अमेरिकेतल्या एका हिशेबाच्या फर्मच्या मालकीणबाईंनी मुलाखतीत विचारलं, "हे कोणत्या सालचं?" मी तारीख बघितली आणि खरं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की ज्याला स्वतःची तारीख लक्षात राहत नाही, तो माझ्या क्लायंटच्या तारखा कशा सांभाळणार? दरमहा चालणारं काम होतं ते. तेव्हापासून मी मुदत संपण्याच्या दीड महिना आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवते. सर्टिफिकेटच्या रकान्यात तारीख खरी आणि पूर्ण टाका, आणि मुदत संपली तर त्याच दिवशी शीर्षकातून Certified काढा.

फाइवरवर असाल तर जागा तेवढी बदलते. तिथे गिऱ्हाईक आधी तुमच्या गिगचं चित्र बघतं, म्हणून बिल्ला त्या चित्रावर लहानसा घ्या. बाकी सगळं हेच.

आता हे चालतंय की नाही हे कसं कळणार? अपवर्कवर My Stats मध्ये तुमची किती प्रपोजल पाहिली गेली, कितींवर बोलणं झालं आणि किती कामं मिळाली हे दिसतं. बावीसपैकी दोन-तीनच पाहिली गेली असतील, तर दोष शीर्षकात आणि पहिल्या दोन ओळींत आहे. सर्टिफिकेट अजून कोणी बघितलेलंच नाही, त्याला दोष देऊ नका. पाहिली गेली पण पुढे कोणी बोललं नाही, तर नमुन्याचं पान नाही किंवा कामाशी जुळत नाही. बोलणं झालं आणि काम मिळालं नाही, तर सर्टिफिकेटचा विषय तिथे संपलेला असतो. मग दर, इंग्रजी बोलणं किंवा वेळेचं गणित बघायला हवं. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, आणि "तुमच्या सकाळी दोन तास मी उपलब्ध आहे" हे नुसतं लिहिल्यानंसुद्धा माझ्या एका मैत्रिणीला नांदेडहून काम मिळालं.

पुढची बावीस एकदम पाठवू नका. अर्ज करायला लागणारा एक कनेक्ट १५ सेंटचा आणि एका प्रपोजलला दहा-पंधरा कनेक्ट सहज जातात, म्हणजे प्रत्येक अर्जाला सव्वाशे ते दोनशे रुपये. आधी शीर्षक बदला, आठ सर्टिफिकेटं काढा, ते एक पान तयार करा. मग फक्त अशाच जाहिरातींना पाठवा जिथे QuickBooks Online लिहिलंय, रक्कम लहान आहे आणि गिऱ्हाइकानं आधी कोणालातरी पैसे दिलेले दिसताहेत. अशी दहा झाली की आकडे पुन्हा बघा.

तीन-चार चांगले अभिप्राय आले की शीर्षकातलं Certified खाली रकान्यात न्या आणि त्या जागी तुम्ही कोणाची वही लिहिता ते टाका. मी बांधकाम ठेकेदारांची लिहिते, तेच माझं शीर्षक आहे. सर्टिफिकेट अजून आहे, दर वर्षी परीक्षाही देते, पण गेल्या कित्येक गिऱ्हाइकांपैकी त्याबद्दल विचारलं ते फक्त हिशेबाच्या फर्मवाल्यांनी.